क्रम किती राखायचा? बायनरी हीप आणि सर्च ट्री यांचा आढावा

आकडे येत राहतात, काही मधेच काढून टाकावे लागतात आणि कोणत्याही क्षणी त्यांतला सर्वांत लहान आकडा हातात हवा असतो. संगणकाच्या कामात ही गरज सतत पडते. पुढे कोणता प्रोग्रॅम चालवायचा, कोणत्या जोडणीची मुदत आधी संपते, नकाशावर सुरुवातीपासून सर्वांत जवळचा न पाहिलेला चौक कोणता, हे सारे प्रश्न याच जातीचे आहेत. त्यांना उत्तर देणाऱ्या दोन रचना विद्यार्थी एकाच सत्रात शिकतात: बायनरी हीप आणि संतुलित सर्च ट्री. दोन्हींची चित्रे सारखी दिसतात. वर एक नोड, खाली दोन फांद्या, आणि n आकड्यांसाठी उंची साधारण log n. या साम्यामुळेच कोणती रचना कुठे वापरावी हा वाद साठ वर्षे चालू राहिला आहे. त्याचा बराच भाग आता निकालात निघाला आहे, पण काही भाग अजून मोकळा आहे.

पार्श्वभूमी

सर्च ट्रीची कल्पना १९६० च्या आसपास एकाहून अधिक संशोधकांना स्वतंत्रपणे सुचली. नियम साधा आहे. प्रत्येक नोडच्या डावीकडे त्याच्याहून लहान आकडे, उजवीकडे मोठे. अडचण एवढीच की आकडे चढत्या क्रमाने आले तर झाडाची सरळ साखळी होते आणि शोध n पावलांचा होतो. १९६२ मध्ये सोव्हिएत गणिती अडेलसन-वेल्स्की आणि लँडिस यांनी दोन बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडू न देणारे झाड मांडले. रुडॉल्फ बायर यांनी १९७२ मध्ये आणि नंतर गिबास व सेजविक यांनी १९७८ मध्ये जे घडवले, ते आज रेड-ब्लॅक ट्री म्हणून अनेक भाषांच्या ग्रंथालयांत बसले आहे.

हीप वेगळ्या वाटेने आला. १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी क्रमवारी लावण्याची हीपसॉर्ट ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्या पोटात ही रचना होती. इथला नियम सैल आहे. वरचा आकडा खालच्या दोन्ही आकड्यांहून मोठा नसावा, एवढेच. डावे-उजवे असा भेद नाही. झाडाला पॉइंटरही लागत नाहीत. सगळे एका ॲरेमध्ये राहते आणि i या स्थानाची अपत्ये 2i आणि 2i+1 या स्थानांवर असतात. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी दाखवले की विस्कळीत ॲरेचा हीप n च्या प्रमाणातल्या कामात उभा करता येतो.

एक आणि ऐंशी

या दोन नियमांतला फरक किती मोठा आहे हे सात आकड्यांवरही दिसते. १२, २५, ३१, ४०, ४७, ५८ आणि ६६ हे आकडे घेऊ. तीन पातळ्यांच्या भरलेल्या सर्च ट्रीमध्ये ते एकाच प्रकारे बसतात. मुळाशी ४०, डावीकडे २५ व त्याखाली १२ आणि ३१, उजवीकडे ५८ व त्याखाली ४७ आणि ६६. दुसरा पर्यायच नाही. हेच आकडे हीपच्या नियमाने मात्र ८० वेगवेगळ्या प्रकारे बसतात. त्यातला एक असा:

```
A = [12, 40, 25, 66, 58, 47, 31]
```

मुळाशी १२, त्याखाली ४० आणि २५. चाळीसखाली ६६ व ५८, पंचवीसखाली ४७ व ३१. नियम पूर्ण पाळला गेला आहे, तरी ३१ हा आकडा ४० च्या खालच्या पातळीवर आहे आणि त्यात काही चूक नाही.

माझ्या मते या चर्चेतली सर्वांत उपयोगी नजर हीच आहे. ट्री संपूर्ण क्रम राखते. हीप मुद्दाम अर्धवट क्रम राखतो. जो क्रम राखला नाही त्याचे श्रम वाचतात, आणि त्या क्रमावर अवलंबून असलेल्या प्रश्नांची उत्तरे हातची जातात. फ्लॉइडच्या पद्धतीने सात आकड्यांचा हीप जास्तीत जास्त आठ तुलनांत उभा राहतो, कारण खालच्या चार नोडना काही करावे लागत नाही, मधले दोन फार तर एक पातळी उतरतात आणि मूळ फार तर दोन. सर्च ट्री उभी करणे म्हणजे क्रमवारी लावणेच, कारण तयार ट्री डावीकडून उजवीकडे वाचली की क्रम मिळतो. सात आकड्यांच्या क्रमवारीला वाईट प्रसंगी किमान तेरा तुलना लागतात. आकडे लाखांत गेले की हीच तफावत n आणि n log n यांची होते. कोणतीही युक्ती केली तरी तुलनांवर चालणारी सर्च ट्री हीपइतक्या स्वस्तात उभी राहणार नाही.

कोणता प्रश्न कुणाला

आता वरच्याच सात आकड्यांना प्रश्न विचारू. लहानतम कोण? हीपमध्ये पहिले स्थान. ट्रीमध्ये डावीकडे शेवटपर्यंत उतरावे लागते, पण सर्वांत डाव्या नोडचा पत्ता वेगळा जपून ठेवला तर तिथेही उत्तर तत्काळ मिळते. लिनक्स कर्नेलची रेड-ब्लॅक ट्री नेमके हेच करते. म्हणून लहानतम आकडा फक्त हीपच झटकन देतो, हे सर्रास ऐकू येणारे विधान पूर्णपणे खरे नाही.

५० हा आकडा आहे का? ट्री ४० वरून ५८ वर, तिथून ४७ वर जाते आणि तीन पावलांत नाही म्हणते. हीपमध्ये १२, ४० आणि २५ हे तिन्ही ५० हून लहान असल्याने कोणतीही फांदी छाटता येत नाही आणि सातही स्थाने तपासावी लागतात. सर्वांत मोठा आकडा हवा असला तरी अवस्था तीच. तो शेवटच्या पातळीवर कुठेतरी आहे एवढेच हीप सांगतो, आणि निम्म्याहून अधिक आकडे त्याच पातळीवर असतात.

पण हीपला शोध जमतच नाही, असेही म्हणता येणार नाही. ३० पर्यंतचे सगळे आकडे मागून पाहा. १२ घेतला, ४० दिसताच ती फांदी सोडली, २५ घेतला, ४७ आणि ३१ सोडले. पाच नोड पाहून दोन उत्तरे मिळाली. उत्तरात k आकडे असतील तर हीप फार तर 2k+1 नोड पाहतो, मग एकूण आकडे कोटीभर असोत. ज्यांची मुदत आत्तापर्यंत संपली ते सगळे द्या, या प्रश्नाला हीप म्हणूनच उत्तम आहे. मिळालेली यादी क्रमाने नसते, एवढी मर्यादा लक्षात ठेवायची. k वा लहानतम आकडाही मूळ हीप न मोडता काढता येतो. ग्रेग फ्रेडरिकसन यांनी १९९३ मध्ये त्यासाठी k च्याच प्रमाणातले काम पुरते असे सिद्ध केले, जरी व्यवहारात त्याऐवजी साधी k log k ची पद्धत वापरली जाते.

प्रश्न खालच्या टोकापासून दूर गेला की हीप हतबल होतो. ३० नंतरचा पहिला आकडा कोणता, ३० ते ५० च्या दरम्यान कोण आहेत, ५० हून लहान किती, हे सगळे ट्रीचे प्रांत आहेत. शेवटच्या प्रश्नासाठी प्रत्येक नोडमध्ये त्याखालच्या झाडाची नोडसंख्या लिहून ठेवावी लागते. मग ४० पाशी येताच डावीकडचे तीन व स्वतः ४० असे चार मोजले, ५८ वरून डावीकडे वळलो, ४७ मिळवला आणि उत्तर पाच आले. किंमत अशी की आकडा घालताना, काढताना आणि झाड फिरवताना वाटेतल्या सगळ्या संख्या दुरुस्त कराव्या लागतात.

मधूनच काढून टाकणे: टायमरचे उदाहरण

खरा मतभेद आहे तो मधला आकडा काढण्यावर. त्यासाठी सर्व्हरचे टायमर पाहू. दहा हजार जोडण्या आहेत. साठ सेकंद काही हालचाल झाली नाही तर जोडणी तोडायची. प्रत्येक जोडणीवर सरासरी सेकंदाला एक संदेश येतो, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार जुन्या मुदती रद्द होतात आणि तेवढ्याच नव्या लागतात. मुदत संपण्याची वेळ क्वचितच येते. लहानतम काढण्यापेक्षा मधले काढण्याचेच काम इथे कितीतरी अधिक आहे.

ट्रीच्या बाजूचे म्हणणे सरळ आहे. नोडचा पत्ता हाती असतो, log n कामात तो निघतो, नवा बसतो. एन्जिनेक्स हा वेब सर्व्हर टायमरसाठी रेड-ब्लॅक ट्री वापरतो. हीपच्या विरोधकांचा आक्षेप असा की रद्द झालेली मुदत हीपमध्ये शोधायलाच n पावले लागतात. जावाच्या प्रायॉरिटी क्यूमध्ये दिलेली वस्तू काढून टाकण्याचे काम खरोखरच तितके महाग आहे.

हीपच्या बाजूचे उत्तर असे की महाग आहे तो शोध, काढणे नव्हे. प्रत्येक टायमरने हीपमधले आपले स्थान स्वतःजवळ लिहून ठेवले आणि अदलाबदल होताच ते दुरुस्त केले, तर काढणेही log n मध्ये होते. लिबइव्हेंट या ग्रंथालयात आधी टायमर रेड-ब्लॅक ट्रीमध्ये होते. पुढे तिथे हीप आला आणि प्रत्येक इव्हेंटमध्ये त्याचे हीपमधले स्थान ठेवले गेले. साठ सेकंदांची नवी मुदत बहुतेक साऱ्या जुन्या मुदतींहून उशिराची असते, म्हणून ती ॲरेच्या शेवटी ठेवली की वरच्या नोडशी एक तुलना होऊन तिथेच थांबते. हीपला अशी चढती आवक फार मानवते. असंतुलित ट्रीची याच आवकीने साखळी होते, आणि रेड-ब्लॅक ट्रीला उजव्या काठावर पुन्हा पुन्हा तोल सावरावा लागतो.

स्थान ठेवून काढण्यात एक चूक वारंवार होते. वरच्या उदाहरणातून ६६ काढा. रिकाम्या चौथ्या स्थानी शेवटचा आकडा, म्हणजे ३१, येतो. तो आता ४० च्या खाली आहे. अनेक जण लहानतम काढतानाची सवय ठेवून त्याला फक्त खाली ढकलून पाहतात. पण इथे ३१ दुसऱ्या फांदीवरून आलेला असल्याने त्याला वर चढावे लागणार आहे. ही पायरी राहिली की ३१ ची मुदत ४० च्या आड दडते. टायमर हरवत नाही, उशिरा वाजतो, तोही कधीतरीच. फक्त घालणे आणि लहानतम काढणे तपासणाऱ्या चाचण्यांत हा दोष कधीच सापडत नाही. चाचणीत प्रत्येक मधल्या काढण्यानंतर मुळाखेरीज सगळ्या स्थानांवर `A[i/2] <= A[i]` तपासले की लगेच उघडा पडतो.

तिसरा पक्ष म्हणतो, काढूच नका. रद्द झालेल्या नोंदीवर खूण करा आणि ती वर आली की टाकून द्या. पायथनच्या हीपक्यू मॉड्यूलच्या दस्तऐवजात हीच पद्धत सुचवली आहे. आपल्या सर्व्हरवर तिचा हिशोब करून पाहू. प्रत्येक नोंद साठ सेकंद हीपमध्ये राहते आणि सेकंदाला दहा हजार नव्या येतात, म्हणून हीपमध्ये सहा लाख नोंदी साचतात. त्यांतल्या जिवंत फक्त दहा हजार. उंची मात्र साधारण चौदा पातळ्यांवरून वीसवर जाते. वेळेत मामुली वाढ, स्मृतीत साठपट. म्हणून आळशी पद्धतीचा त्रास घड्याळावर नव्हे, आधी मेमरीच्या आलेखावर दिसतो. एकूण नोंदी आणि जिवंत नोंदी यांचे गुणोत्तर छापत राहिले तर कारण शोधावे लागत नाही.

पायथनच्या असिंकआयओमध्ये यावर नेटका उपाय आहे. नोंदी शंभराहून अधिक असतील आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रद्द झालेल्या असतील, तर जिवंत तेवढ्या ठेवून हीप नव्याने उभा केला जातो. हे परवडते ते फ्लॉइडच्या पद्धतीमुळे. उभारणीचा खर्च n च्या प्रमाणात आणि तो निदान अर्ध्या n इतक्या रद्द नोंदींवर वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक रद्द करण्यावर पडणारा भार स्थिर राहतो. १९६४ चा निष्कर्ष इथे अगदी चोख कामाला आला आहे. याहून सोपा मार्गही आहे. संदेश आला की हीपला हात न लावता जोडणीत फक्त नवी मुदत लिहायची, आणि जुनी नोंद वर आल्यावर मुदत पुढे गेलेली दिसली तर तेव्हाच ती पुन्हा घालायची. मग हीपमध्ये दहा हजारच नोंदी राहतात. अर्थात मुदत पुढेच सरकत असेल तरच हे चालते. ती अलीकडे येऊ शकत असेल तर नाही.

स्मृतीची मांडणी

पावलांचा हिशोब बरोबरीत सुटला की वाद यंत्राच्या स्मृतीवर येतो. हीपला प्रत्येक नोंदीमागे ॲरेतला एक पॉइंटर पुरतो, म्हणजे ६४ बिटांच्या यंत्रावर आठ बाइट. लिनक्सच्या रेड-ब्लॅक नोडला चोवीस लागतात. ॲरेचा वरचा भाग सतत वापरात असल्याने कॅशमध्ये टिकतो. पण लहानतम काढताना आकडा खाली उतरतो तेव्हा ॲरेतल्या उड्या दुपटीने लांबत जातात आणि मोठ्या हीपमध्ये जवळजवळ प्रत्येक खालच्या पातळीला कॅश चुकते. लमार्का आणि लॅडनर यांनी १९९६ मध्ये याचा अभ्यास करून दोनऐवजी चार किंवा अधिक अपत्यांचा हीप सुचवला. पातळ्या निम्म्या होतात आणि चारही अपत्ये शेजारी असतात. गो भाषेच्या रनटाइमचे टायमर चार अपत्यांच्या हीपमध्ये आहेत.

ट्रीच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे, जो पाठ्यपुस्तकांत क्वचित सापडतो. ॲरे भरला की मोठा ॲरे घेऊन सगळे हलवावे लागते. कर्नेलमध्ये, विशेषतः इंटरप्ट हाताळताना, नवी स्मृती मागणे धोक्याचे असते, आणि ती मिळाली नाही तर टायमर लावणेच फसते. ट्रीचा नोड ज्याच्यासाठी आहे त्या वस्तूच्या पोटातच असतो. घालताना काहीही मागावे लागत नाही. लिनक्सचे सूक्ष्म टायमर रेड-ब्लॅक ट्रीमध्ये असण्याचे समर्थन केवळ पावले मोजून समजणार नाही.

दोन्ही नियम एकाच झाडात

काही प्रश्न दोन्हींपैकी एकाच्या आवाक्यात येत नाहीत. लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेळ वाटण्यासाठी २००७ पासून, म्हणजे २.६.२३ या आवृत्तीपासून, रेड-ब्लॅक ट्री होती. ज्याला सर्वांत कमी वेळ मिळाला तो सर्वांत डावीकडे, आणि पुढचा क्रमांक त्याचा. एवढेच काम असताना इथे ट्री कशाला, हीप का नको, असे तेव्हा विचारता येत होते. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत नियम बदलला. आता ज्यांना आपल्या वाट्याहून अधिक वेळ मिळालेला नाही असे पात्र प्रोग्रॅम आधी वेगळे काढायचे आणि त्यांतून ज्याची मुदत सर्वांत आधीची तो निवडायचा.

या प्रश्नाला दोन निकष आहेत. मुदतीवर हीप केला तर वरचा प्रोग्रॅम पात्र नसू शकतो, त्याची अपत्येही नसू शकतात, आणि पात्र मिळेपर्यंत हीपचा कितीही भाग चाळावा लागेल. उत्तर असे काढले गेले की झाड एका निकषावर क्रमाने लावायचे आणि प्रत्येक नोडमध्ये त्याखालच्या साऱ्या झाडातला दुसऱ्या निकषाचा लहानतम आकडा लिहून ठेवायचा. खाली उतरताना त्या आकड्यावरून कोणत्या फांदीत उत्तर आहे हे कळते आणि log n पावलांत निवड होते. लहानतम आकडा मुळाकडे आणणारी ही जोड म्हणजे सर्च ट्रीच्या आत राखलेला हीपचाच नियम. कल्पना जुनी आहे. एडवर्ड मॅक्राइट यांनी १९८५ मध्ये दोन निकषांच्या शोधासाठी दोन्ही नियम एकत्र बांधले होते, आणि सायडेल व अरागॉन यांनी १९८९ मध्ये यादृच्छिक अग्रक्रमाचा हीप-नियम लावून ट्रीचा तोल सांभाळणारी ट्रीप ही रचना दिली. मला या चर्चेतला हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण इथे दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच नोडमध्ये उभे राहते.

न सुटलेले

सिद्धान्ताच्या बाजूला एक मर्यादा पक्की आहे. n आकडे घालून n वेळा लहानतम काढला की क्रमवारी होते, म्हणून तुलनांवर चालणाऱ्या कोणत्याही रचनेत ही दोन्ही कामे एकाच वेळी स्थिर खर्चात होऊ शकत नाहीत. त्या चौकटीत आणखी काय साधेल हे मात्र पूर्ण ठाऊक नाही. फ्रेडमन आणि टार्जन यांच्या फिबोनाची हीपने आकडा कमी करण्याचे काम सरासरीने स्थिर खर्चात आणले, पण त्याची जुळणी किचकट आणि प्रत्यक्षात संथ. १९८६ चा पेअरिंग हीप कितीतरी साधा आहे आणि वापरात वेगवान आढळतो. त्यात आकडा कमी करण्याचा नेमका सरासरी खर्च किती, हे अजून ठरलेले नाही. तो स्थिर नाही हे फ्रेडमन यांनी १९९९ मध्ये दाखवले. पेटी यांनी २००५ मध्ये वरची मर्यादा log n च्या बरीच खाली आणली. मधले अंतर शिल्लक आहे.

दुसरा प्रश्न मोजण्याच्या पद्धतीचा आहे. २०२४ मध्ये हॉयप्लर, टार्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अलीकडे घातलेला आकडा अधिक स्वस्तात काढून देणारा हीप वापरला, तर सुरुवातीपासूनच्या अंतराच्या क्रमाने चौक लावण्याच्या कामात डाइक्स्ट्रा यांची पद्धत कोणत्याही आकाराच्या जाळ्यावर शक्य तितकी चांगली ठरते. साध्या बायनरी हीपमध्ये हा गुण नाही. तो काढताना एकूण आकड्यांच्या उंचीइतके काम करतो, आकडा कालचा असो वा आत्ताचा. असा गुण असलेली, पण ॲरेत मावणारी आणि कॅशला मानवणारी साधी रचना व्यवहारात बायनरी हीपची जागा घेऊ शकेल का, हे अजून कुणी पटेल अशा मोजणीने दाखवलेले नाही. तोवर टायमर किंवा नकाशाचे काम हाती घेणाऱ्याला आपल्या आवकीतच मोजून पाहावे लागते: मुदती कोणत्या क्रमाने येतात, किती रद्द होतात, आणि लहानतमाखेरीज दुसरा एखादा प्रश्न कधी विचारला जातो का.